डांबराचे डाग : आधी शेंगतेल, मग टर्पेंटाइन (काही महिन्यांच्या वापरानंतर)

निपाणी ते बेळगाव माझं रोजचं येणं-जाणं. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण थांबला की आमच्याकडे रस्त्यांची कामं निघतात, आणि मग चप्पल, पॅन्टची मोहरी आणि गाडीतलं मॅट यांपैकी कशाला ना कशाला डांबर लागतंच. या सगळ्या हंगामात मी एकच पद्धत वापरली: आधी साधं खायचं शेंगतेल, आणि उरलंच तर टर्पेंटाइन. आता तिच्याबद्दल खात्रीने लिहू शकतो.

क्रम महत्त्वाचा आहे. डांबर तेलातही विरघळतं आणि टर्पेंटाइन-पेट्रोलमध्येही. पण टर्पेंटाइन पातळ असतं. ते डांबराला घेऊन धाग्यांत शिरतं, पसरतं, मग स्वतः उडून जातं आणि डांबर तिथेच ठेवून जातं. रुपयाएवढ्या डागाचं बशीएवढं तपकिरी कडं होतं ते असं. तेल उडत नाही. ते डांबराला मऊ करून धरून ठेवतं, म्हणून सावकाश निपटून काढता येतं.

डाग काळा आहे की तपकिरी, हे आधी बघा. डांबरीकरणाआधी रस्त्यावर जो पातळ थर फवारतात, तो इमल्शन असतो, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर. ताजा असताना तो तपकिरी दिसतो आणि त्या वेळी नुसत्या साबण-पाण्यानेही बराचसा निघतो. काळा पडला की पाणी निघून गेलेलं असतं. मग तेलच.

माझ्या खाकी कॉटन पॅन्टच्या मोहरीला मागच्या बाजूने डांबराचा गोळा चिकटला होता, त्यात बारीक खडी रुतलेली. खडी ओढली नाही, ओढली की कापडाचे धागे सुटतात. प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून दहा मिनिटं डागावर ठेवला. डांबर ठिसूळ झालं, चमच्याच्या पाठीने वरचा थर खडीसकट उडाला. खाली जुना पांढरा कपडा घातला आणि अर्धा चमचा शेंगतेल फक्त डागावर टाकलं. अर्ध्या तासाने डांबराची चकाकी गेली, कडेने तपकिरी तेल सुटू लागलं. तेव्हा कापसाच्या बोळ्याने कडेकडून मध्याकडे टिपत आलो. चोळायचं नाही, आणि बोळा काळा झाला की बदलायचा. पुन्हा तेल, पुन्हा टिपणं. बोळ्यावर काळ्याऐवजी चहासारखा रंग येऊ लागला, की तेलाचं काम संपलं.

उरलेल्या पिवळट छटेवर टर्पेंटाइनचे काही थेंब, तेही कापडाच्या उलट बाजूने, म्हणजे डाग खालच्या फडक्यात उतरतो. मग पाणी न लावता भांड्यांचं लिक्विड कोरड्या कापडावरच चोळलं, दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धुतलं. आधी पाणी लागलं तर लिक्विड पातळ होतं आणि तेल नीट सुटत नाही. वाळल्यावर उजेडात धरून पाहिलं: तेल राहिलं असतं तर तिथे कापड अर्धपारदर्शक दिसलं असतं. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री करू नका. टर्पेंटाइन ओलं असताना कपडा वॉशिंग मशीनमध्येही घालू नका, वाफ पेट घेते.

खोबरेलही चालतं, पण जानेवारीत आमच्याकडे ते थिजतं, म्हणून शेंगतेल. महिनोन्महिने जुन्या डागाला तेल लावून रात्रभर ठेवावं लागतं. पांढऱ्या कॉटनवर मात्र फिकट पिवळी सावली राहतेच.

कोल्हापुरी चपलेचा हिशेब वेगळा. अथणी-निपाणीकडे बनणाऱ्या या चपलांचं कातडं तेल लगेच पितं आणि काळवंडतं. माझी चप्पल नेहमी दुरुस्त करणारे मामा म्हणाले, "तेल चपलेवर ओतायचं नाही बाळा, चिंधीला लावायचं, आणि चिंधी डागाबाहेर जाऊ द्यायची नाही." त्यांचंच ऐकतो: बर्फ, चमचा, मग चिंधीचं टोक. पेट्रोल तर नकोच, ते कातड्यातलं मूळचं तेलही ओढून घेतं, कातडं कोरडं पडून चिरतं. चिकटवलेल्या सँडलचा तळ आणि वरचा भाग जिथे जुळतो, तिथे पेट्रोल किंवा थिनर गेलं की गोंद सुटतो.

मॅट गाडीतून बाहेर काढूनच साफ करा. शेजारच्या काकांनी प्लास्टिकच्या मॅटवर थिनर ओतलं, आणि तो भाग आधी चिकट, मग पुठ्ठ्यासारखा कडक झाला. मी रबरी आणि प्लास्टिक मॅटवर फक्त तेल वापरतो, टर्पेंटाइन नाही. रबर तेलानेही फुगतं, म्हणून पंधरा मिनिटांच्या वर ठेवत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं मॅट लिक्विडने दोनदा धुतो, कारण त्यावर तेल राहिलं तर ब्रेक दाबताना टाच घसरते. ओल्या मॅटवर हात फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर पुन्हा धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच आत टाका.