मायसेलर वॉटर: दुसरी बाटली संपत आली, आता बोलते

हे लिहायचं डोक्यात होतंच, पण काल या चेहरा पुसायच्या पाण्याच्या बाटलीचं टोपण तुटलं आणि मुहूर्त लागला. फ्लिपच्या टोपणाची बिजागरी तडकली, बाटली पिशवीत आडवी झाली आणि पाव बाटली रुमालाने प्यायली. कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या ज्या दुकानातून घेतली तिथे घेऊन गेले, तर उत्तर मिळालं, "ताई, लिक्विड आयटम परत घेत नाही." लिक्विड परत नको हो, टोपण द्या म्हटलं. तर ते वेगळं येत नाही.

मुळात या टोपणाशी माझं पहिल्या दिवसापासून भांडण आहे. भोक एवढं मोठं की बाटली वाकवली की कापूस भिजून खाली गळतो. चारशे मिलीची बाटली. एका कॉटन पॅडला तीन-चार मिली पुरे असतं आणि चेहऱ्याला तीन पॅड लागतात. म्हणजे रात्रीला दहा मिली धरलं तरी चाळीस रात्रींत बाटली खलास, पॅडचं पाकीट वेगळं. शंभर मिलीच्या साध्या फेसवॉशचा एका वेळी दीड-दोन मिली लागतो, तो पन्नास-साठ वेळा पुरतो आणि त्याला कापूस लागत नाही. उपाय एकच सापडला: बाटली उभी ठेवायची, पॅड भोकावर दाबून धरायचं आणि मग क्षणभर उलटी करायची. गळती थांबते.

आता मालाबद्दल. दिसायला पाणी असलं तरी हे निव्वळ पाणी नाही. बाटली जोरात हलवून बघा, वर फेस येतो. साबणात, शाम्पूत जे काम करतं त्याच जातीचं, पण बरंच सौम्य द्रव्य यात थोडं विरघळवलेलं असतं. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं, दुसरं तेलाकडे. ठरावीक प्रमाणाच्या वर गेलं की हे रेणू आपोआप गोळा होतात, तेलाकडची टोकं आत आणि पाण्याकडची बाहेर. त्या गोळ्याला मायसेल म्हणतात. पॅड चेहऱ्यावर टेकवलं की क्रीम, सनस्क्रीन, तेलकटपणा त्या गोळ्यांच्या पोटात शिरतो आणि पुसताना कापसावर येतो. लेबलवर बहुधा पोलोक्सॅमर किंवा पीईजी अशी नावं दिसतात, ती याच सौम्य जातीची. सोबत ग्लिसरीन आणि टिकवणारं द्रव्य.

म्हणूनच पुसताना घाई करू नये. डोळ्यावर पॅड दहा-पंधरा सेकंद नुसतं टेकवून ठेवायचं, मग खाली ओढायचं. मी काजळ लावते, आधी घासायची सवय होती, पापण्या लाल व्हायच्या. टेकवून थांबलं की साधं काजळ अलगद निघतं. इथे मात्र मी खूश आहे, डोळे चुरचुरले नाहीत.

'धुण्याची गरज नाही' या लेबलवरच्या दाव्याशी मात्र माझं जमत नाही. पहिल्या बाटलीभर मी ते खरं धरलं होतं, कारण पुसल्यावर चेहरा मऊच लागायचा. पण विचार करा, पुसल्यावर जो ओलावा राहतो त्यातलं पाणी उडून जातं. तेल पकडणारं द्रव्य, ग्लिसरीन आणि कापसावर न आलेली घाण मात्र जागेवरच राहते. काहींच्या कातडीला त्याने काही होत नाही, कारण हे द्रव्य सौम्य असतं. कोरडी किंवा चिडकी कातडी असेल तर रोज रात्रभर तो थर ठेवणं मला पटत नाही.

माझ्यापुरतं असं झालं. मी शाहूपुरीतून शिरोली एमआयडीसीला स्कूटीने जाते. हेल्मेटच्या पट्ट्याखाली, जबड्याच्या कडेला, खरखरीत पुरळ आणि चुरचुर सुरू झाली. पट्टा दोन्ही बाजूंना सारखाच घासतो, म्हणून मी अर्ध्या चेहऱ्यावर प्रयोग केला. डावी बाजू पुसल्यावर कोमट पाण्याने हाताने धुवायची, उजवी नुसती पुसून सोडायची, बाकी सगळं तेच. काही दिवसांत डावीकडची चुरचुर कमी झाली, उजवी तशीच. माझ्या एका चेहऱ्यावरून सगळ्या जगाचा नियम काढता येत नाही, पण माझा निकाल लागला. आता पुसते आणि नळाखाली वीस-तीस सेकंद हात फिरवते. रगडत नाही. साबण लावायचा नसेल तर एवढं बस.

आता कामाचा खरा मुद्दा. शिरोलीत फाउंड्रींची काळी धूळ. सकाळी पाण्याला टिकणारं सनस्क्रीन, दुपारी त्यावरच दुसरा थर, वर घाम आणि धूर. संध्याकाळी पहिलं पॅड काळं निघतं, दुसरं राखाडी, तिसरं जवळपास पांढरं, की झालं स्वच्छ असं वाटतं. मग धुताना कपाळाकडे नीट बघितलं. पाणी थेंब थेंब होऊन घरंगळत होतं, कातडीवर पसरतच नव्हतं. म्हणजे सनस्क्रीनचा थर तिथे अजून होताच, केसांच्या कडेला तर जास्त. पॅड पांढरं निघालं म्हणजे चेहरा मोकळा झाला असं नाही. कापूस वरवरून जातो आणि एका पॅडमधलं थोडं द्रव्य किती तेल पकडणार, त्यालाही हद्द आहे. आणखी पॅड घेऊन घासत बसलात तर घर्षणानेच कातडी जाते.

म्हणून शिरोलीच्या दिवशी मायसेलर ही फक्त पहिली पायरी. दोन पॅड, वरची धूळ आणि मेकअप निघेपर्यंत, मग साधा, वास नसलेला क्लिन्झर आणि पाणी. वॉटरप्रूफ मस्करा असेल तर हेही पुरत नाही. तिथे तेल आणि पाणी असे दोन थर असलेली, हलवून वापरायची बाटली लागते किंवा क्लिन्झिंग बाम. माझी वहिनी पार्लर चालवते, ती लग्नाच्या मेकअपला मायसेलरला हातच लावत नाही. "त्यात नवरीची पापणीच निघेल बघ," म्हणते.

रविवारी घरीच असते तेव्हा सनस्क्रीन एकदाच, धूळ नाही. त्या दिवशी मायसेलर आणि पाणी एवढ्यावर भागतं, आणि क्लिन्झरपेक्षा कातडी कमी ताणते.

न धुता वापरण्याची एकच जागा मला पटते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिंगणापूर-बालिंग्याची उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि आपल्या नळांना थेंब नव्हता. टँकरचं पाणी पिण्याला पुरवायचं की तोंड धुवायला? तेव्हा ही बाटली असती तर मी खुशाल पुसून झोपले असते, आणि प्यायच्या पाण्यात भिजवलेला फडका शेवटी एकदा फिरवला असता. तापात पडलेल्या माणसाला किंवा रात्रीच्या एसटीत बसलेल्यालाही हेच.

तिसरी बाटली घेईन, पण लहान, शंभर मिलीची, प्रवासाच्या पिशवीत टाकायला. मोठीचं टोपण आता रबर बँडने बांधलंय आणि उरलेलं फक्त काजळाला वापरायचं ठरवलंय.