छत्तीस टक्के सांगितले, घेतले साडेअठ्ठेचाळीस. कर्ज काढायच्या आधी हे वाचा

यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या मामाजींसोबत झालेला व्यवहार लिहून राहिलो, कारण आमच्या भागात पेरणीच्या तोंडावर असा पैसा उचलणारे कास्तकार लय आहेत आणि सगळ्यांना हाच दर सांगतात, शेकडा तीन. मागचं पीककर्ज थकलेलं म्हणून बँकेनं नवं दिलं नाही, बियाणं खत तर मृगाच्या आधी लागतेच, मग तालुक्याच्या ठिकाणच्या एका खाजगी सावकाराकडून मामाजींनी एक लाख उचलले. बोलणं असं झालं की "वर्षाचे छत्तीस टक्के, म्हणजे शेकडा तीन, यात काही लपवाछपवी नाही." मामाजींनी हिशोब धरला की कापूस, तूर विकून पुढच्या जूनमध्ये एक लाख छत्तीस हजार द्यायचे आणि मोकळं व्हायचं. कोणीही असाच हिशोब धरंल.

जूनमध्ये गेले तर आकडा निघाला १,४२,५७६.

त्यांच्याकडे एक छोटी गुलाबी पावती होती, त्यावर "१,००,००० / ३% म." एवढंच लिहिलेलं. मुद्दल आणि महिन्याचा दर, बस. महिना संपला आणि व्याज भरलं नाही तर ते व्याज मुद्दलात जमा होईल का, हे त्यात कुठंच नाही, आणि सगळा खेळ तिथंच आहे.

पाहा कसं होते. पहिल्या महिन्याला व्याज ३,०००, झाले १,०३,०००. दुसऱ्या महिन्याचं व्याज लाखावर नाही लागत, १,०३,००० वर लागते, म्हणून ३,०९०. तिसऱ्या महिन्यानंतर १,०९,२७३. सरळ व्याजानं १,०९,००० झाले असते, म्हणजे तीन महिन्यांत फरक फक्त २७३ रुपयांचा, तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. सहा महिन्यांनी फरक १,४०० च्या वर जाते. वर्षाच्या शेवटी तो ६,५७६ होते. आपल्याकडं पैसा हातात येते कापूस निघाल्यावर, मधल्या महिन्यांत व्याज भरायला कोणापाशी काही नसते, म्हणून महिन्याचं व्याजावर व्याज कास्तकारालाच सगळ्यात जास्त लागते.

म्हणून सांगितलेला दर वेगळा आणि खरा वार्षिक दर वेगळा. ३६ टक्के हा फक्त ३ गुणिले १२ आहे. खरा दर काढायचा तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर १.०३ ला १.०३ नं गुणत जा, एकूण बारा वेळा १.०३ आला पाहिजे, उत्तर १.४२५८ येते, म्हणजे ४२.५८ टक्के. वर्षातून एकदाच व्याज जोडलं असतं तर ३६ च राहिले असते, सहा महिन्यांनी जोडलं तर ३९.२४, तिमाहीनं ४१.१६.

आम्ही जाब विचारायला गेलो तेव्हा सावकाराचा माणूस म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं व्याज रोज लागते, म्हणून इतके झाले." हे उत्तर ऐकून समोरचा माणूस गप्प बसते, कारण वाटते की रोज व्याज लागलं तर कितीही होऊ शकते. तसं होत नाही, आणि हे पक्कं लक्षात ठेवा. जोडणी जितक्या वेळा वाढवाल तितका वाढीचा वेग कमी होत जाते. ३६ टक्के रोज जोडले तरी खरा दर ४३.३१ येते, आणि दर सेकंदाला जोडले तरी ४३.३४ होत नाही. मोठी उडी वर्षावरून महिन्यावर येण्यातच होऊन गेली असते. म्हणजे वर्षाला छत्तीस सांगणारा माणूस जर लाखामागं वर्षाचे ४३,३३३ पेक्षा जास्त मागत असेल तर ती वाढ चक्रवाढीची नाहीच, दुसरंच काही तरी त्यात घातलेलं आहे.

मी हीच गोष्ट धरून बसलो. आकडा तर ४२,५७६ चा होता, महिन्याच्या हिशोबात बरोबर बसत होता. पण मग मामाजी म्हणाले, "बावू, पण माह्या हातात तर छ्यान्नवच आले होते, चार हजार कागदाचा खर्च म्हणून पहिलेच कापून घेतले." झालं. कागदावर लाख, हातात ९६,०००. आता १,४२,५७६ ला ९६,००० नं भागा, १.४८५ येते. खरा दर साडेअठ्ठेचाळीस टक्के! रोज व्याज लावलं असतं तरी ९६,००० चे वर्षाला एक लाख सदतीस हजार सहाशेच्या आतच झाले असते. साध्या व्याजानं १,३०,५६० झाले असते, म्हणजे बारा हजार जास्त, आणि बारा हजारात तर आमच्याकडच्या लहान कास्तकाराचं बियाणं येते. हिशोब नेहमी हातात आलेल्या रकमेवर करा, कागदावरच्या नाही.

त्यावर तो म्हणे, "यावर्षी जमत नसल तर वर्षभर वाढवून घ्या." इथं बहात्तरचा हिशोब कामी आला. ७२ ला दरानं भागा, पैसा किती काळात डबल होते ते निघते, दर महिन्याचा असल तर उत्तर महिन्यात. ७२ भागिले ३, चोवीस महिने. खरा आकडा साडेतेवीसच्या जवळ आहे, म्हणजे बोटावर केलेला हिशोब पुरेसा जवळ. वर्षभर वाढवले असते तर लाखाचे २,०३,२७९ झाले असते. पोस्टाच्या किसान विकास पत्राला हाच हिशोब लावून पाहा: एप्रिल २०२३ पासून दर ७.५ टक्के, ७२ भागिले ७.५ म्हणजे ९.६ वर्ष, आणि पोस्टानं मुदत दिली ११५ महिने.

पण एक सांभाळा, बहात्तर फक्त व्याजावर व्याज असल तरच चालते. सरळ व्याज असल तर १०० ला भागायचं, शेकडा तीनला तेहतीस महिने दहा दिवसांच्या आसपास. आणि एकाच जोडणीचा दर फार मोठा असल तरी बहात्तर चुकते, वर्षातून एकदाच जोडलेल्या ३६ टक्क्यांना तो दोन वर्ष सांगते, खरं तर सव्वादोन लागतात. आठ टक्क्यांच्या आसपास तो सगळ्यात बरोबर बसते.

म्हणून पैसा उचलायच्या आधी सावकाराला एकच गोष्ट विचारा: "मी एक रुपयाही भरला नाही तर हे डबल कधी होतील?" तेहतीस महिने म्हणाला तर सरळ व्याज, दोन वर्ष म्हणाला तर चक्रवाढ. जे सांगल ते पावतीवर लिहून घ्या, महिन्याचं व्याज मुद्दलात जमा होते की नाही हेही आणि हातात किती दिले हेही.

राहिली कायद्याची गोष्ट. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये सावकाराला परवाना लागते, चक्रवाढ व्याज घ्यायला बंदी आहे आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. शेतकऱ्यासाठी दर ठरवून दिले होते, तारण असल तर वर्षाला ९ टक्के, नसल तर १२. म्हणजे शेकडा तीन हा दरच मुळात बसत नाही, चक्रवाढ तर पुढची गोष्ट. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात देता येते. आम्ही गुलाबी पावतीची झेरॉक्स, ९६,००० हातात आल्याचं साक्षीदाराचं लिहून दिलेलं आणि महिन्यावार हिशोबाचा एक कागद, असे तीन कागद जोडून अर्ज दिला आणि पोच घेतली. मामाजींनी तोवर कोणत्याही नव्या कागदावर सही करून दिली नाही, वाढवून घ्यायला तर नाहीच.