सांत्वनाचा संदेश: शब्दशः की मराठी रीतीने?

सहकाऱ्याचे वडील गेले आणि ऑफिसचा इंग्रजी संदेश मराठीत द्यायचा आहे. शब्दशः केला तर होतं असं: ‘तुमच्या नुकसानीबद्दल मी दिलगीर आहे. माझे विचार तुमच्यासोबत आहेत.’ यात नुकसान पैशाचं वाटतं आणि दिलगिरी चूक कबूल केल्यासारखी. दुसरं वाक्य तर मराठीत कुणी बोलतच नाही.

मराठी रीतीने: ‘बाबा गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. तुमच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत.’ इथे ‘मी’चा ‘आम्ही’ झाला, कारण संदेश सगळ्या ऑफिसचा आहे. एकट्याचा असता तर ‘मी’च ठेवला असता. नातंही स्पष्ट आलं. मला हाच पर्याय योग्य वाटतो.

पण यात एक धोका आहे. हात सवयीने ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ लिहून जातो. मूळ संदेशात देव नसेल आणि घरच्यांची श्रद्धा माहीत नसेल, तर ते वाक्य आपण घुसवलेलं ठरतं. तिथे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ पुरते.

अंत्यविधीची वेळ, ठिकाण, ‘फुले आणू नयेत’ ही विनंती मात्र शब्दशःच उतरवावी.