शब्दकोड्याचा फोटो काढून सोडवणारं ॲप : सहा-सात महिन्यांनंतर

आमच्याकडे सकाळच्या पेपरातलं शब्दकोडं सासऱ्यांचं. पेन्सिल त्यांची, मान त्यांचा. पण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक चौकटी दिसेनात, म्हणून फोनमध्ये हे ॲप घेतलं. कोड्याचा फोटो काढायचा, सूचींचा वेगळा काढायचा. ॲप चौकटी ओळखतं, आडवे-उभे शब्द लावतं, उत्तरं सुचवतं आणि छेदणाऱ्या घरात दोन अक्षरं भांडली की ते घर लाल करतं. नाव देत नाही, जाहिरात नको.

आधी फोटोचं. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलरसमोर पेपर ओला-सैल होतो, फडफडतो, आणि घडीची सावली काळं घर म्हणून मोजली जाते. एक घर चुकलं की त्यानंतरचे आकडे सरकतात आणि पुढची सगळी सूची भलत्याच घरांना चिकटते. म्हणून भरायच्या आधी शेवटचा आकडा छापील कोड्याशी जुळवून घ्यायचा. पेपर टेबलावर सपाट, वर बल्ब, कूलर दोन मिनिटं बंद. दुसरी भानगड अनुस्वाराची: पेपरच्या छपाईत टिंब फिकं असलं की 'चांदी'ची 'चादी' होते आणि ॲप पांघरूण शोधत बसतं. सूची एकदा डोळ्यांनी वाचून दुरुस्त करावीच लागते.

अक्षरं मोजण्यात मात्र ॲप पक्कं आहे. 'संत्रे' फोनच्या आत सहा चिन्हांत साठवलेलं असतं, पण घरं दोनच लागतात, सं आणि त्रे. जोडाक्षर, काना, वेलांटी सगळं एकाच घरात. हे ज्याला कळत नाही, ते मराठी कोड्याच्या कामाचंच नाही.

खरा कस लागतो छेदात. परवाच्या कोड्याचा डावा वरचा कोपरा सांगते. पहिल्या ओळीत दोन घरं आणि मग काळं. दुसरीत तीन घरं. तिसरीत परत दोन आणि काळं. आडव्या सूची: पाणी, चांदी, संत नामदेवांच्या घरची कवयित्री. उभ्या: पहिल्या रांगेत कमळ, दुसऱ्या रांगेत रात्र, दोन्ही तीन घरांचे. ॲपनं पाण्याला 'जल' दिलं, कमळाला 'जलज'. छेदात ज आणि ज, झकास. खाली 'जनी'. तिथंही 'जलज'चा शेवटचा ज बरोबर बसला. तीन शब्द एकमेकांशी गोडीगुलाबीनं राहताहेत, एकही घर लाल नाही. मग रात्रीला 'यामिनी' टाकलं. शेवटचा नी जनीशी जुळला, पण वर 'जल'चा ल आणि 'यामिनी'चा या भिडले. लाल!

इथंच या ॲपची मर्यादा कळते. लाल रंग भांडण दाखवतो, दोषी दाखवत नाही. 'शब्द बदला' दाबलं की ते शेवटी भरलेला शब्द उडवतं, म्हणजे 'यामिनी'. त्याजागी 'शर्वरी' आणतं. ते वरही भांडतं, खालीही. असं गोल-गोल चालू होतं. सासरे सूची ऐकत होते, म्हणाले, "अगं, चांदी भर ना आधी. तीन घरांत दुसरं बसते का काही?" खरंच, रौप्य दोन घरांचं, रुपं दोन घरांचं, तीन घरांत रजत. रजतचा र कमळाच्या मधल्या घरात आला, 'जलज' गेलं, 'नीरज' आलं. त्यामुळे पाणी 'नीर', त्याचा र रात्रीच्या डोक्यावर, म्हणून 'रजनी'. तिचा ज रजतच्या ज वर, नी जनीच्या नी वर. कोपरा मिटला.

म्हणजे 'जल-जलज' आणि 'नीर-नीरज' दोन्ही जोड्या आपापल्यात सुसंगतच होत्या. छेद जुळला याचा अर्थ एवढाच, की ते दोन शब्द एकमेकांना नाकारत नाहीत. एकाच सूचीला पर्याय भरपूर असले (पाणी, कमळ, रात्र, सूर्य ही नेहमीची गिऱ्हाइकं) तर ती शेवटी भरायची. आता मी ॲपचं 'सगळं भरा' बटण वापरतच नाही. प्रत्येक सूचीखाली किती पर्याय आहेत ते उघडून बघते, एकच असलेले आधी टाकते आणि बाकी घरांत फक्त सामायिक अक्षर लिहिते. वरच्या कोड्यात कमळाचा शेवटचा ज पहिल्यापासून पक्का होता, जलज असो वा नीरज. हे पेन्सिलवाले लोक कधीपासून करतात. ॲपमध्ये ती सोय 'फिकं अक्षर' नावाखाली आत कुठंतरी दडवली आहे.

ह्रस्व-दीर्घाचं एक सेटिंग आहे, कडक आणि सैल. आमच्या पेपरचं कोडं रचणारे कधी आडव्यात ति आणि उभ्यात ती चालवून घेतात. कडक ठेवलं तर बरोबर उत्तर लाल होतं, सैल ठेवलं तर चुकीचं निसटून जातं. मी कडक ठेवते आणि लाल दिसलं की फक्त वेलांटीचा फरक आहे का ते बघते. तेवढाच असेल तर सोडून देते.

वर्षाची वर्गणी भरावी का? तुमच्या पेपरात दुसऱ्या दिवशी उत्तरं येत असतील तर फुकटातली आवृत्ती पुरे. डोळ्यांचा त्रास असलेलं घरात कोणी असेल तर भरा, कारण एकेक घर बोटभर मोठं करून दाखवायची सोय फक्त पैसेवाल्या आवृत्तीत आहे.