जोर लावणाऱ्या हाताला कोणता ब्रश?

म्हापशाच्या बाजारातून आणलेला साधा ब्रश महिन्याभरातच पिंजारला, तर हात जड आहे असं समजा. अशा हाताने सुळ्यांजवळची हिरडी हळूहळू मागे सरकते, मुळं उघडी पडतात आणि थंड सोलकढी झोंबते.

साध्या ब्रशने दाब आपल्यालाच सांभाळावा लागतो. सॉफ्ट ब्रश मुठीत न धरता पेनासारखा धरा, केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवा आणि जागच्या जागी बारीक हलवा. किती दाब द्यायचा ते स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ब्रश टेकवून कळतं: साधारण १५० ग्रॅम पुरेत. हिरडीची कड किंचित पांढरी पडली, तर दाब जास्त झाला. वेळ दोन मिनिटं, घड्याळ लावूनच. अंदाज बहुतेकांचा चुकतो.

प्रेशर सेन्सरवाला इलेक्ट्रिक ब्रश जास्त दाबलं की दिवा लावतो, वेळही तोच मोजतो. मात्र तो घासायचा नसतो. प्रत्येक दातावर दोन-तीन सेकंद नुसता धरून पुढे सरकवायचा. सेन्सर नसलेला स्वस्त इलेक्ट्रिक ब्रश जड हाताने घेऊच नये. त्यापेक्षा सॉफ्ट केसांचा साधा बरा. पावसाळ्यात दोन्ही न झाकता, उभे वाळवा.