शब्द बदलायचे की बोलून लिहायचं?

ताठर मसुदा आपल्या बोलीत आणायच्या दोन रीती आहेत. समजा, ओळखीच्या व्यापाऱ्याला पाठवायचा हा मसुदा आहे: ‘आपणांस कळविण्यात येते की, पावती क्र. 214 अन्वये विकलेल्या 12 क्विंटल कापसाचा चुकारा अद्याप अप्राप्त आहे.’

पहिली रीत म्हणजे नुसते शब्द बदलायचे. तसं केलं तर ‘तुम्हाला कळवण्यात येते की चुकारा अजून मिळालेला नाही’ असं होतं. ताठरपणा तसाच राहतो, कारण तो ‘कळवण्यात येते की’मध्ये आहे. त्यात कळवणारा माणूसच नाही.

दुसरी रीत म्हणजे कागद उलटा ठेवायचा, समोर बोलल्यासारखं म्हणायचं आणि तेच लिहायचं. ‘भाऊ, 12 क्विंटल कापूस देल्ला, त्याचा चुकारा अजून भेटला नाही जी. कधी येऊ?’ आम्ही हीच निवडू. पण बोलताना तपशील गळतो, इथे पावतीचा नंबर गळला. तो मसुद्यात पाहून घाला. ‘भेटला’चं ‘मिळाला’ मात्र करू नका, बोलीत तसंच म्हणतात. बाजार समितीकडे तक्रार द्यायची असेल तर अर्जाचा साचाच ठेवा.