मासळीच्या डीप फ्रीझरचं रोजचं वीजबिल आणि लाइट गेल्यावरचा बॅकअप : काही महिन्यांच्या वापरानंतर

फ्रीझर साधा आहे. तीनशे लिटरचा, वरून उघडणारा, पत्र्याच्या झाकणाचा. त्यात गोठवलेली मासळी असते आणि संध्याकाळी उरलेली ताजी मासळीही त्यातच जाते. सोबत साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक लेड-अ‍ॅसिड बॅटरी आहे. फ्रीझरच्या प्लगला छोटा वीज मोजणारा मीटर लावला आहे, आणि या सगळ्यात सर्वांत उपयोगी वस्तू तीच ठरली. तो नसता तर फ्रीझर किती वीज खातो याबद्दल मी आजही अंदाजच बांधत बसलो असतो.

दुकान बंद असतं आणि झाकण दिवसभर उघडत नाही, तेव्हा साधारण १.३ युनिट जातात. विक्रीच्या दिवशी आकडा २.७ च्या आसपास असतो आणि उन्हाळ्यात सव्वातीनला टेकतो. फ्रीझर तोच आणि थर्मोस्टॅटही त्याच खुणेवर, तरी खर्च दुप्पट. वरचे दीड युनिट जातात कुठे? थोडे झाकण उघडण्यात जातात, पण मोठा वाटा संध्याकाळच्या ताज्या मासळीचा असतो.

त्याचा हिशोब सोपा आहे. एक किलो मासळी २५ अंशांवरून उणे १८ वर न्यायची तर तिच्यातून सुमारे ३७५ किलोजूल उष्णता काढावी लागते. त्यातली जवळजवळ अडीचशे नुसतं तिच्यातलं पाणी गोठवण्यात जाते. दहा किलोंची मिळून होते एका युनिटच्या आसपास उष्णता. छोटा कॉम्प्रेसर एक युनिट वीज खाऊन साधारण १.३ युनिट उष्णता बाहेर फेकतो, म्हणून मीटरवर दहा किलोंमागे पाऊण-एक युनिट चढतो. हाच माल आधी बर्फात दोन-तीन अंशांपर्यंत गार करून आत टाकला, तर यातला साधारण पाचवा हिस्सा वाचतो. बर्फ दुकानात असतोच, त्यामुळे मी आता असंच करतो. मासळी पातळ थरात पसरतो आणि आधीच्या गोठलेल्या मालाला चिकटवून ठेवत नाही. फ्रीझरच्या मागच्या माहितीपट्टीवर चोवीस तासांत किती किलो गोठवता येईल ते लिहिलेलं असतं. मी घेतला तेव्हा दुकानदाराने ते दाखवलं नव्हतं, पण लिटरपेक्षा तो आकडा महत्त्वाचा आहे.

आता बॅटरी. कागदावर १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॉट-अवर. लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून हाताशी उरतात ९००. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा जातो, म्हणजे फ्रीझरला मिळतात सुमारे ७२०. शिवाय इन्व्हर्टर स्वतः चालू राहायला दहा-वीस वॉट खातो. दुकान चालू असताना हा बॅकअप साडेपाच-सहा तास पुरतो. झाकण बंद ठेवलं तर नऊ-दहा तास निघतात. बॅटरीतून घेतलेली वीज फुकटही नसते. चार्जर आणि बॅटरी या दोन्हींमधली गळती धरली, तर बॅटरीवरच्या एका युनिटसाठी मेन लाइनमधून जवळपास दोन घ्यावे लागतात. लोडशेडिंगच्या दिवशी फ्रीझर कमी चालला तरी बिल कमी येत नाही, त्याचं कारण हे.

इन्व्हर्टर निवडताना फ्रीझरच्या चालू लोडकडे बघून भागत नाही. माझा कॉम्प्रेसर चालताना दीडशे वॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सात पट करंट ओढतो. त्यामुळे हजार व्हीएच्या खाली जाऊ नये. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मोटर गुरगुरते आणि जास्त तापते, तो टाळलेला बरा.

याहून त्रासदायक प्रकार वेगळाच आहे. लाइट जाते, दोन सेकंदांत येते, परत जाते. कॉम्प्रेसर नुकताच थांबलेला असतो आणि आतल्या गॅसचा दाब अजून उतरलेला नसतो. त्या दाबावर तो सुरूच होऊ शकत नाही. आधी घुर्र, मग ‘टक’ असा आवाज येतो, म्हणजे ओव्हरलोडने त्याला तोडलं. कमी व्होल्टेजलाही हेच ऐकू येतं. असं वारंवार झालं की वाइंडिंग जळतं. इन्व्हर्टर आणि फ्रीझर यांच्यामध्ये तीन-चार मिनिटं थांबून मगच वीज सोडणारा टाइम डिले लावला, तेव्हापासून तो आवाज बंद आहे. काही स्टॅबिलायझरमध्ये ही सोय असतेच, घेताना विचारावं.

लाइट खूप वेळ जाते त्यासाठी मात्र मी दुसरी बॅटरी घेतली नाही. त्याऐवजी मिठाच्या पाण्याचे कॅन ठेवले. नऊ लिटर पाण्यात एक किलो मीठ, असं एकूण वीस लिटर, दोन-दोन लिटरच्या घट्ट बुचाच्या कॅनमध्ये. गोठताना पाणी फुगतं म्हणून वर थोडी जागा रिकामी सोडायची. साधं पाणी शून्यावर वितळतं, म्हणजे ते कामाला लागेपर्यंत मासळी सुटायला लागलेली असते. दहा टक्के मिठाचं पाणी उणे साडेसहाच्या आसपास गोठू लागतं आणि उणे १८ ला त्यातला अर्धा भाग बर्फ झालेला असतो. लाइट गेली की तो बर्फ वितळत जातो आणि उणे १८ पासून उणे सातपर्यंत येईतो एकूण एका युनिटच्या आसपास उष्णता गिळतो. वरच्या बॅटरीतल्या ७२० वॉट-अवरमधूनही साधारण एवढीच थंडी मिळते! झाकण बंद असताना माझ्या फ्रीझरमध्ये बाहेरून साठेक वॉट उष्णता शिरते, म्हणजे कॅनच्या जोरावर रात्रभराचे पंधरा-सोळा तास सहज निघतात. मालाची स्वतःची थंडी वेगळीच.

मीठ वाढवलं तर आणखी चांगलं, असं वाटेल. तसं नाही. २३ टक्क्यांचं पाणी उणे २१ अंशांना गोठतं, त्यामुळे साध्या फ्रीझरमध्ये ते गोठतच नाही, नुसतं गार पाणी म्हणून जागा अडवतं. आणि दहा टक्क्यांच्या कॅनची बहुतेक ताकद उणे बारा ते उणे सात या टप्प्यात खर्च होते. गोठलेल्या मासळीला तेवढ्या वेळेपुरतं ते चालतं. आइस्क्रीम विकणाऱ्याला चालणार नाही, कारण ते त्याआधीच मऊ पडून बिघडतं. लोणी ठेवणाऱ्याला हरकत नाही.

कॅन आत टाकताना एकदम टाकू नयेत. पहिल्यांदा सगळे मिळून गोठायला दीडेक युनिट खातात, म्हणून मी रोज दोन-दोन टाकले. थंड हवा खाली बसते, म्हणून निम्मे कॅन मालाच्या वर ठेवले आहेत. एकही गळू देऊ नये, खारं पाणी आतला पत्रा खातं. पाण्यात थोडा रंग घातला की गळती लगेच दिसते.

रात्रीत किती तापमान चढलं हे फ्रीझरचा दिवा सांगत नाही. त्यासाठी किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर आत ठेवला आहे, आणि गोठलेल्या पाण्याच्या छोट्या डबीवर एक नाणंही. सकाळी नाणं बर्फात बुडालेलं दिसलं, तर मधे बर्फ सुटून परत गोठला असं समजायचं. असा माल पुन्हा कडक झाला म्हणून विकायला काढू नये. बांगडा, सुरमई, टूना यांसारख्या मासळीत गरम होताना हिस्टामिन तयार होतं, आणि ते परत गोठवून किंवा शिजवून जात नाही.

बाकी देखभाल किरकोळ आहे. भिंतीवर बर्फाचा थर बोटभर जाड झाला की मीटरचा आकडा वर सरकतो, मग फ्रीझर रिकामा करून वितळवतो. बाजूचे पत्रे गरम लागतात तो दोष नव्हे, बऱ्याच चेस्ट फ्रीझरमध्ये उष्णता तिथूनच बाहेर जाते. तिथे टोपल्या टेकवल्या नाहीत म्हणजे झालं. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघावं लागतं, कॅनकडे ते नाही.